पिन आत आहे, असं स्पीकरला वाटतं

गेल्या वर्षी मार्चमध्ये रत्नागिरीहून मावशीचा फोन आला, तोही सकाळी साडेसहाला. एवढ्या सकाळी तिचा फोन आला की आधी काळजात धस्स होतं. पण तक्रार स्पीकरची होती. "अगं, हा माझं ऐकतच नाहीये," ती म्हणाली. "फोनवर अभंग लावला तर फोनमधूनच बारीक आवाज येतो. स्पीकर आपला लाल दिवा लावून गप्प. कालपर्यंत निळा दिवा होता."

दुरुस्तीच्या कामात मला पंधरा वर्षं झाली, आणि ब्लूटूथ स्पीकरची ही तक्रार महिन्यातून दोन-तीनदा तरी टेबलावर येते. स्पीकर बिघडलेला नसतो, फोनही बिघडलेला नसतो. स्पीकर 'ऑक्स'मध्ये, म्हणजे तारेवरून येणाऱ्या गाण्याची वाट बघत बसलेला असतो. मी मावशीला विचारलं, "मागच्या बाजूला एक गोल भोक आहे बघ. त्यात काही खोचलंय का?"

"काही नाही खोचलंय," ती ठामपणे म्हणाली.

मी तिला स्पीकर बंद-चालू करायला सांगितलं, फोनचं ब्लूटूथ बंद-चालू करायला सांगितलं. काही फरक पडेना. अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन आला. स्पीकर टीव्हीच्या कपाटात मागे सरकवून ठेवलेला असायचा, तो पुसायला म्हणून तिने उचलला तेव्हा त्याच्यामागून एक काळी तार लोंबत आली. आदल्या दिवशी नवा टीव्ही आला होता. जुन्या टीव्हीची तार बसवणाऱ्या मुलाने नवीन टीव्हीला लावून पाहिली, तशा आकाराचं भोक मागे सापडलं नाही, म्हणून टीव्हीकडचं टोक त्याने तसंच सोडून दिलं आणि स्पीकरकडचं टोक मात्र खोचलेलंच राहिलं. मावशीने ते उपटलं, स्पीकरचा दिवा निळा झाला आणि अभंग सुरू झाला.

"पण तार तर कशालाच लावलेली नव्हती," तिने विचारलं. "मग याला कसं कळलं?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर त्या भोकातच आहे.

साडेतीन मिलिमीटरच्या त्या भोकाला आम्ही सॉकेट म्हणतो आणि तारेच्या टोकाला पिन. पिन नीट बघितली तर तिच्यावर दोन काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांमुळे तिचे तीन भाग होतात: टोकाचा भाग डाव्या बाजूचा आवाज नेतो, मधलं कडं उजव्या बाजूचा, आणि उरलेला लांब भाग दोघांची परतीची वाट असतो. सॉकेटच्या आत या तीन भागांना टेकणाऱ्या पातळ स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. पण अशा बहुतेक सॉकेटमध्ये आणखी एक पट्टी असते आणि तिचा आवाजाशी काही संबंध नसतो. पिन आत नसताना ही पट्टी शेजारच्या पट्टीला टेकलेली असते. पिन आत गेली की शेजारची पट्टी बाजूला ढकलली जाते आणि दोघींमध्ये फट पडते. हे एक छोटं बटणच आहे, फक्त ते बोटाऐवजी पिनेने दाबलं जातं.

ही युक्ती जुनी आहे. खिशातल्या ट्रान्झिस्टरला कानातली गुंडी लावली की मोठा आवाज आपोआप बंद व्हायचा, हे ज्यांनी क्रिकेटची कॉमेंट्री चोरून ऐकली आहे त्यांना आठवत असेल. तिथे स्पीकरकडे जाणारा आवाज त्या दोन पट्ट्यांमधूनच जायचा. गुंडीची पिन आत गेली की पट्ट्या दुरावायच्या आणि स्पीकर तुटायचा. म्हणजे तिथे हे बटण आवाजाची वाट स्वतः तोडत होतं.

आजच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये ते फक्त खबर देतं. आतल्या मुख्य चिपच्या एका पायावर साधारण तीन व्होल्टचा अगदी किरकोळ दाब एका रेझिस्टरमधून दिलेला असतो. पट्ट्या टेकलेल्या असल्या की हा दाब जमिनीकडे निघून जातो आणि पायावर शून्य राहतं. पट्ट्या सुटल्या की त्याला वाट मिळत नाही, पायावर तीन व्होल्ट उभे राहतात. शून्य म्हणजे पिन नाही, तीन व्होल्ट म्हणजे पिन आहे. चिपला एवढंच कळतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला टीव्ही आहे, फोन आहे, की ते कपाटामागे लोंबतंय, हे कळण्याची तिला काही सोयच नाही. काही कंपन्या ही जोडणी उलटी करतात, पिन आल्यावर पट्ट्या टेकतात. पण तत्त्व तेच.

आता फोनच्या बाजूला काय दिसतं ते बघू, कारण लोक तिथेच फसतात. चिपला पिन आहे असं वाटलं की ती दोनपैकी एक गोष्ट करते. पुष्कळ स्वस्त स्पीकरमध्ये ती ब्लूटूथचा रेडिओच बंद करते. मग फोनच्या यादीत स्पीकरचं नाव जुनं म्हणून दिसतं, पण त्यावर बोट ठेवलं की थोडा वेळ प्रयत्न होतो आणि जोडणी होत नाही. नव्याने शोधलं तर नाव सापडतच नाही. दुसऱ्या प्रकारच्या स्पीकरमध्ये रेडिओ चालूच राहतो, फक्त आवाजाचा कल तारेकडे वळतो. हा प्रकार जास्त चकवतो. फोनवर Connected असं लिहून येतं, गाणं पुढे सरकताना दिसतं, आणि खोलीत शांतता. माणूस फोनचा आवाज वाढवत बसतो.

तार आत असताना स्पीकर ऑक्समध्ये आहे का, हे ओळखायची एक घरगुती खूण आहे. स्पीकरचा आवाज निम्म्यावर ठेवा, चांगली ऑक्सची तार घ्या, एक पिन सॉकेटमध्ये घाला आणि दुसऱ्या पिनेच्या अगदी टोकाला बोट लावा. आपलं शरीर घरातल्या विजेच्या वायरिंगमधली 50 हर्ट्झची कुजबुज पकडत असतं. स्पीकर ऑक्समध्ये असेल तर बोट लागताक्षणी 'घूं' असा आवाज येतो. शिवाय दिव्याचा रंग बदलतो, आणि काही स्पीकर बोलून सांगतात की आता कुठला मोड आहे. रंगांचा मात्र सगळ्या कंपन्यांत मिळून एक नियम नाही, त्यामुळे आपल्या स्पीकरचा ब्लूटूथचा रंग कुठला हे तो चांगला चालत असताना बघून ठेवावं.

मावशीची तार निघाली आणि काम झालं. पण समजा तिला तार काढायची नसती, तर मोडच्या बटणाने स्पीकर ब्लूटूथवर आला असता का? गिऱ्हाईकं मला हे नेहमी विचारतात, आणि मला उलट विचारावं लागतं की स्पीकर कुठल्या जातीचा आहे. कारण पिनेच्या खबरीकडे बघण्याच्या दोन पद्धती आहेत.

एका पद्धतीत चिप फक्त बदलाकडे लक्ष देते. पिन आत आली त्या क्षणी ती ऑक्सवर जाते, पुढे तिचा हट्ट नसतो. अशा स्पीकरवर MODE किंवा नुसतं M लिहिलेलं बटण एकदा दाबलं की तो पुढच्या मोडवर जातो. ब्लूटूथ, ऑक्स, एफएम, मेमरी कार्ड अशा फेऱ्यात तो फिरतो, आणि तार आत असतानाही ब्लूटूथवर थांबतो. पण तो बंद करून पुन्हा चालू केला की चिप नव्याने सॉकेटकडे बघते, तिला पिन दिसते आणि स्वारी परत ऑक्सवर. "रोज सकाळी बटण दाबावं लागतं" अशी तक्रार आली की मी न बघता सांगते, मागे तार असणार. काही छोट्या स्पीकरच्या माहितीपत्रकात एफएमसाठी हीच तार अँटेना म्हणून लावायला सांगितलेलं असतं, म्हणूनही ती वर्षानुवर्षं खोचलेली राहते.

दुसऱ्या पद्धतीत चिप सारखी स्थितीच बघत असते. पायावर तीन व्होल्ट आहेत तोवर ऑक्स, दुसरं काही नाही. इथे मोडचं बटण दाबून काहीच होत नाही, किंवा क्षणभर निळा दिवा लागतो आणि परत लाल होतो. लोकांना वाटतं बटण खराब झालं. बटण ठणठणीत असतं. त्याने दिलेल्या हुकमापेक्षा सॉकेटच्या खबरीला जास्त मान आहे, इतकंच.

बटण दाबायचं कसं यातही फरक असतो. कुठे एकदा टिचकी, कुठे दोन-तीन सेकंद दाबून धरणं, आणि स्वतंत्र बटण नसेल तर प्ले-पॉजच्या बटणावरच मोडचं काम सोपवलेलं असतं. जुन्या काही स्पीकरला मागे सरकपट्टीचं बटण असतं आणि त्यावर OFF, BT, AUX अशा जागा असतात. तो झाडताना हात लागून सरकतो. तसा स्पीकर असेल तर पुढचं सगळं सोडून आधी तेवढं बघावं.

मावशीची गोष्ट मार्चमध्ये संपली असं मला वाटलं होतं. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा फोन आला. पावसाळा ऐन भरात होता, गणपती जवळ आले होते, आणि स्पीकर पुन्हा लाल. या वेळी तार नव्हती, तिने दोनदा हात घालून बघितलं होतं. आणि आता फोनही म्हणत होता की जोडणी होत नाही, कारण मधल्या काळात तिच्या नातवाने स्पीकर रीसेट केला होता.

रीसेट म्हणजे काय हे इथे सांगायलाच हवं, कारण या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया येतात. एक म्हणजे बारीक छिद्रात पेपरक्लिप घालून दाबायचं बटण. आतली बॅटरी काढता येत नाही, म्हणून चिप गोठली तर तिची वीज क्षणभर तोडायची ही सोय. याने स्पीकरची आठवण पुसली जात नाही. दुसरी क्रिया म्हणजे कारखान्यातून निघाला तसा करणं. पुष्कळ स्पीकरमध्ये त्यासाठी प्ले आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र पाच ते दहा सेकंद धरतात. जोडी प्रत्येक मॉडेलची वेगळी, ती माहितीपत्रकातच बघावी. याने स्पीकर आजवर जोडलेल्या सगळ्या फोनना विसरतो.

नातवाने दुसरी क्रिया केली होती. फोन आणि स्पीकर पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी ओळख पटते ती त्या किल्लीवर. रीसेटनंतर स्पीकरने किल्ली टाकून दिली, फोनने मात्र जुनीच जपली. फोन ती दाखवतो, स्पीकर ओळखत नाही. म्हणून रीसेट केल्यावर फोनमध्येही ब्लूटूथच्या यादीत जाऊन त्या नावापुढच्या चाकाच्या किंवा i च्या खुणेवर बोट ठेवायचं आणि Forget करायचं, मग नव्याने शोधायचं. हे अर्धं राहिलं की एका दुखण्याची दोन दुखणी होतात, आणि मग नेमकं काय बिघडलंय ते कळेनासं होतं.

मुळात ऑक्समध्ये अडकलेल्या स्पीकरला रीसेटने सहसा काहीच फायदा होत नाही. रीसेट आठवण पुसतो. पण पिनेची खबर आठवणीत नसते, ती सॉकेटमधल्या दोन पट्ट्यांमध्ये असते. चिप पुन्हा जागी झाली की पहिल्या काही क्षणांतच त्या पायाकडे बघते, आणि तिथे तीन व्होल्ट असतील तर मुक्काम पुन्हा ऑक्सवरच. चिप खरोखर गोठली असेल, म्हणजे कुठलंच बटण चालत नसेल आणि बंदही होत नसेल, तर पेपरक्लिपचा रीसेट जरूर करावा. पण बाकी बटणं चालतात, आवाज कमी-जास्त होतो, आणि फक्त ऑक्स सुटत नाही, तेव्हा संशय सॉकेटवरच घ्यावा.

गणपतीला मी रत्नागिरीला गेले तेव्हा स्पीकर हातात घेतला. आधी मोबाइलच्या विजेरीने सॉकेटमध्ये बघितलं. हे अजिबात टाळू नये, कारण कधीकधी तार उपटताना पिनेचं टोक पहिल्या काळ्या रेघेपाशी मोडून आतच राहतं. तार बाहेर आलेली असते, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि मोडका तुकडा पट्टीला बाजूला दाबून बसलेला असतो. बाहेर काढलेल्या पिनेचं टोक निमुळतं आहे की सपाट तुटलेलं, हे बघितलं की लगेच कळतं. मावशीची तार मी मागून घेतली. टोक शाबूत होतं आणि सॉकेट रिकामं होतं.

मग मी तीच पिन आत घातली आणि काढली. तीन-चारदा केल्यावर एकदा दिवा क्षणभर निळा झाला आणि परत लाल. निदान झालं. पिन काढल्यावर पट्टी जागेवर येत होती, पण टेकूनही टेकत नव्हती. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरचं घर, चार महिन्यांची दमट हवा, त्यात देवघरातल्या उदबत्तीची बारीक राख. पट्टीवर क्षाराचा आणि गंजाचा इतका पातळ थर बसतो की डोळ्यांना दिसत नाही. पण त्या किरकोळ विजेला तेवढा थरही ओलांडता येत नाही. चिपच्या लेखी पट्ट्या दूर आहेत, म्हणजे पिन आत आहे. तार आणि हा थर यांत तिला काही फरक करता येत नाही.

ज्या फोनना हेडफोनचं भोक होतं, त्यांच्यात हेडफोन नसतानाही वर हेडफोनचं चित्र अडकून राहायचं आणि समोरच्याचा आवाज यायचा बंद व्हायचा. ते दुखणं आणि हे दुखणं सख्खी भावंडं.

साफ कसं करायचं ते सांगते. स्पीकर बंद करायचा, चार्जरही काढायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नये, त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. खोबरेल तेल तर मुळीच नको. कान साफ करायची काडी या भोकात जात नाही. दातांच्या फटी साफ करायचा सर्वात बारीक ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो, तो चांगला. त्यावर दोन थेंब घ्यायचे, आत घालून हलके फिरवायचं, काढून फडक्याला पुसायचं, पुन्हा फिरवायचं. मग पिनेलाच एक थेंब लावून ती पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करायची. ब्रशपेक्षा खरं काम या घासण्यानेच होतं, कारण पिन आत-बाहेर होताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि थर निघतो. नंतर सॉकेट खाली तोंड करून अर्धा तास वाळू द्यायचं. सुई, टाचणी, साडीपिन यांतलं काही आत घालू नये. पट्टी एकदा वाकली की साफ करून उपयोग होत नाही.

मावशीचा स्पीकर वाळला, चालू केला, निळा दिवा आला. तिच्या फोनमधलं जुनं नाव काढून टाकलं, नव्याने जोडलं. आरतीच्या वेळेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा लाल झाला. साफसफाईने दीड महिना निघाला होता, म्हणजे पट्टीचा ताणच गेला होता. तीन वर्षं त्या सॉकेटमध्ये टीव्हीची पिन बसून होती आणि पट्टी सतत ढकललेल्या अवस्थेत राहिली होती. अशी पट्टी पिन काढल्यावर पूर्ण जागेवर येत नाही. तार खोचून ठेवण्याची किंमत ही अशी फार नंतर द्यावी लागते.

आता दोनच वाटा होत्या. सॉकेट बदलायचं, किंवा त्या दोन पट्ट्यांचे पाय सर्किटवर मागून टाक्याच्या एका थेंबाने कायमचे जोडून टाकायचे. दुसऱ्या वाटेने चिपला कायम शून्यच दिसतं, पिन आत असली तरी तिला कळत नाही. ब्लूटूथ कधी हटत नाही, पण तार लावल्यावर स्पीकर आपणहून ऑक्सवर जाणंही संपतं. हे करायच्या आधी मल्टिमीटरने तपासावं लागतं की हा सॉकेट पिन नसताना टेकणारा आहे की उलटा. उलटा असेल तर पाय जोडल्यावर स्पीकर जन्मभर ऑक्समध्ये राहील. आत लिथियमची बॅटरी असते आणि पाण्यापासून जपणाऱ्या स्पीकरला रबराची सीलबंद कड असते, त्यामुळे हे घरी उघडून करायचं काम नाही.

मी मावशीला विचारलं, "टीव्हीला कधी तार लावणार आहेस का?"

"नवीन टीव्हीला भोकच नाही," ती म्हणाली. "जोडून टाक."

मी पाय जोडले, सॉकेटवर रबराचं बूच बसवलं, आणि बुचावर पांढऱ्या मार्करने एक फुली मारून दिली, म्हणजे पुढे कुणी त्यात तार खोचून वाट बघत बसणार नाही.